स्वरदाचा एक तास

टीव्हीला वेळ बांधून द्यायची कल्पना मेधाची. ती तिने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून उचलली होती, पण घरात सांगताना स्वतःचीच म्हणून सांगितली. नवऱ्याने, म्हणजे स्वानंदने, मान डोलावली. हिंजवडीतल्या कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला घरी येऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये डोकं घालायची हौस नसते. म्हणून मग एका रविवारी मेधाच रिमोट घेऊन सोफ्यावर मांडी ठोकून बसली आणि दीड तासात तिने ते काम तडीला नेलं.

काम तसं अवघड नव्हतं. टीव्हीवर मुलीच्या नावाचं वेगळं प्रोफाइल उघडायचं. त्यात कोणती अ‍ॅप दिसावीत ते निवडायचं. मग 'स्क्रीन टाइम'मध्ये जाऊन रोजची मर्यादा घालायची. सोमवार ते शुक्रवार एक तास, शनिवार-रविवार दोन तास. झोपेची वेळ रात्री साडेआठ, त्यानंतर सकाळपर्यंत काहीच नाही. मर्यादा संपत आली की टीव्ही आधी इशारा देतो, पाच मिनिटं उरली, एक मिनिट उरलं. आणि संपली की चालू कार्यक्रम जागच्या जागी थांबवून 'आजचा वेळ संपला' अशी पाटी लावतो. वाढीव वेळ द्यायचा असेल तर पिन घालायचा. टीव्ही लावला की आधी तेच प्रोफाइल उघडणार, आणि त्यातून बाहेर पडायचं तरी तोच पिन. चार आकडी पिन मेधाने स्वानंदच्या कानात सांगितला. तिसऱ्या कोणाला सांगायचा नाही, असं दोघांचं ठरलं.

"पिन फुटला की सगळं मुसळ केरात," मेधा म्हणाली.

स्वरदा नऊ वर्षांची. तिने सुरुवातीला थोडा थयथयाट केला, मग ती तयार झाली. साडेतीनला शाळेची बस यायची, मग खाणं, मग गृहपाठ, आणि पाच ते सहा टीव्ही. सहाला टीव्ही आपणहून बंद होणार. आई ओरडणार नाही, लेक रुसणार नाही, सगळा वाईटपणा यंत्राच्या गळ्यात. मेधा बावधनच्या विमा कार्यालयातून साडेसहापर्यंत भूगावच्या घरी पोचायची, तोवर सगळं शांत असायला हवं होतं.

पहिले तीन-चार दिवस खरोखरच शांत गेले. मग एके दिवशी मेधा घरी आली तर स्वरदा दारातच उभी.

"आई, टीव्हीने मला दहाच मिनिटं दिली."

"दहा कशी देईल? तास आहे."

"दहाच दिली. हत्तीचं पिल्लू चिखलात पडलं आणि बंदच झाला."

मेधाने सेटिंग उघडून पाहिलं. एक तास म्हणजे एक तास, अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. तिला हसूच आलं. मुलांना एक तास दहा मिनिटांसारखा वाटतो, हे तिने कुठेतरी वाचलंही होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर स्वरदा म्हणाली, आज लावल्या लावल्या पाटीच आली, एक मिनिटसुद्धा मिळालं नाही. आता मात्र मेधाचं हसू आटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

स्वानंदला विचारलं तर तो म्हणाला, "टाइम झोन चुकला असेल. त्याला वाटत असेल आपण अमेरिकेत आहोत." त्याने टाइम झोन पाहिला. भारत. मग म्हणाला, अपडेट बाकी असेल. अपडेट केलं. मग टीव्ही बंद करून चालू केला, वायफाय बंद करून चालू केलं, शेवटी एका रविवारी ते प्रोफाइलच काढून टाकून नव्याने बनवलं. आयटीतल्या माणसाची ही मोठी गंमत असते, घरातली वस्तू बिघडली की तो ती बंद करून चालू करतो आणि तेवढ्याचाच पगार घेतो. सोमवारी पुन्हा पाटी.

"मग एकच उरतं," तो जांभई देत म्हणाला. "ती आधी बघत असणार."

मेधाच्या मनात हे आधीच येऊन गेलं होतं. फक्त ते बोलायची जबाबदारी तिला दुसऱ्याच्या तोंडी हवी होती.

पण बघणार कधी? सकाळी सातला स्वरदा शाळेला जाते. साडेतीनला येते. म्हणजे साडेतीन ते पाच, गृहपाठाच्या वेळेत. घरात तेव्हा अण्णा असतात, स्वानंदचे वडील, विठ्ठलराव. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेली, निम्मी अहमदपूरच्या आगारात. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे गेल्या दीड वर्षापासून, ते इकडे राहायला आलेले. बोलणं मोजकं, जेवण मोजकं, चार सदरे आणि एक छत्री. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. साडेचारला ते मारुतीच्या देवळाकडे फिरायला जातात ते सातला परत येतात. त्यांना विचारावं तर ते म्हणणार, पोरगी अभ्यास करत होती. नातीच्या विरुद्ध साक्ष द्यायला आजोबा या जगात जन्मालाच येत नाहीत, असं मेधाचं मत होतं.

मंगळवारी तिने त्या मुलांच्या अ‍ॅपमधली यादी उघडली, आधी काय काय बघितलं ते दाखवणारी. हत्ती. कासवं. वाळवंटातले उंट. पुन्हा हत्ती. आणि स्वरदाला तर प्राण्यांचं वेड. तिच्या वहीच्या पाठीमागे हत्तीच हत्ती काढलेले असायचे. पुरावा हातात आला. तिने लेकीला समोर बसवलं.

"हे सगळं तू बघितलंस?"

स्वरदाने यादी वाचली. "हत्तीचं थोडंसं मी बघितलं. उंटाचं नाही बघितलं."

"तुझ्या प्रोफाइलवर तू नाही तर कोण बघणार?"

"मला नाही माहीत."

"टीव्ही आपला आपण बघतो का बसून?"

"मला नाही माहीत, आई. मी गृहपाठ करत होते. वही दाखवू?"

वही पूर्ण होती. मेधाने ती पाहिली आणि बाजूला ठेवली, कारण वही पूर्ण असणं तिच्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला टीव्हीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. एक तासाचे दोन झाले असते तरी आभाळ कोसळणार नव्हतं. आपली मुलगी आपल्या डोळ्यांत बघून खोटं बोलतेय, आणि इतक्या सराईतपणे, याने ती हादरली होती. नवव्या वर्षी हे, तर पंधराव्या वर्षी काय?

गुरुवारी शाळेची सहल होती. पौडच्या पुढे एका शेतावर, दिवसभर. बैलगाडी, हुरडा, दुपारी झाडाखाली जेवण. स्वरदाने पंधरा दिवस आधीपासून टोपी काढून ठेवली होती.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा पाटी आली तेव्हा मेधा म्हणाली, "हे बघ, मी शेवटचं विचारते. खरं सांगितलंस तर मी अजिबात रागावणार नाही आणि उद्या सहलीला पाठवीन. नाही सांगितलंस तर सहल रद्द. बाईंना आत्ता फोन करते."

"मी खरंच नाही बघितलं."

मेधाने फोन उचलला. नंबर काढला. स्वरदा त्या फोनकडे बघत होती.

"बघितलं," ती म्हणाली.

"काय बघितलं?"

"सगळं. हत्ती, कासव, उंट. मी बघितलं."

मेधाने फोन ठेवला, लेकीला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला. "शहाणी माझी. खरं बोललं की कसं हलकं वाटतं, बघ." रात्री मेधाने तिच्या डब्यासाठी गुळाच्या दशम्या केल्या आणि स्वानंदला सांगितलं, की मुलांशी शांतपणे बोललं की ती कबूल करतात.

गुरुवारी सकाळी साडेसहालाच सहलीची बस गेली. मेधाची दाढ ठणकत होती म्हणून तिने दुपारनंतरची रजा टाकली होती. दवाखान्यातून तोंडात कापूस धरून ती अडीचला घरी आली. अण्णांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने सोफ्यावर अंग टाकलं, टीव्ही लावला. स्वरदाचं प्रोफाइल उघडलं आणि त्यावर पाटी.

आजचा वेळ संपला.

मेधा त्या पाटीकडे बघतच राहिली. स्वरदा सकाळपासून चाळीस मुलांबरोबर पौडच्या पुढे कुठेतरी शेतात होती. घरापासून पाच-सहा कोस तरी लांब. मग हा तास खाल्ला कोणी? तिने तारीख पाहिली. आजचीच. घड्याळ पाहिलं. बरोबर. मध्यरात्री नवा दिवस सुरू होतो आणि तास पुन्हा पूर्ण होतो, हे तिला पाठ होतं. दाढेचं औषध डोक्यात चढलं की काय, असंही तिला क्षणभर वाटून गेलं. मग वाटलं, टीव्हीच बिघडलाय, पहिल्यापासून बिघडलाय. पण टीव्ही बिघडला असेल तर काल पोरगी 'बघितलं' का म्हणाली? आणि तिने बघितलं असेल तर आज हा तास कुठे गेला? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. ती उठून बसली, पुन्हा आडवी झाली, पुन्हा उठली.

तेवढ्यात कोंडाबाई आली. डोंगराकडच्या वाडीवरून येते ती. सकाळी अकराला पोळी-भाजी आणि फरशी, मग सोसायटीतली आणखी दोन घरं, आणि तीनला परत येऊन भांडी. मेधाला अवेळी घरात बघून ती दारातच थबकली.

"ताई? बरं न्हाई व्हय?"

"दाढ काढली." मेधा कापसातून बोलली. मग बुडत्याला काडीचा आधार म्हणून विचारलं, "कोंडाबाई, दुपारी टीव्ही कोण लावतं हो?"

"आजोबा लावत्यात की."

"कोण?"

"आजोबा. दुसरं कोन हाय हितं?" कोंडाबाईने पिशवी ठेवली आणि पदर खोचला. "बाराचा भोंगा झाल्यावानी लावत्यात. हत्ती काय, माकडं काय, पोरांचं आसतंय ते. एकाच्या टायमाला आपसूक बंद हुतंय. मंग रिमोट जाग्यावर ठेवत्यात आन तसंच बसत्यात."

"तसंच म्हणजे?"

"तसंच. बंद टीवीपुढं. मी निघंस्तवर बसल्यालं आसत्यात."

"मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"घरचं मानूस टीवी बघतंय, त्यात सांगायचं काय वो?" कोंडाबाई म्हणाली आणि भांड्यांकडे गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि इथे तर चोरही कुणी नव्हता.

मेधाने अण्णांचं दार हळूच वाजवलं. ते जागेच होते, खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले. समोर नव्या इमारतीचा सांगाडा चढत होता. तिला पाहून ते उठायला लागले.

"बसा हो अण्णा." ती पलंगाच्या कडेला टेकली. कसं विचारावं ते तिला सुचेना. "तुम्ही दुपारी टीव्ही बघता ना?"

विठ्ठलरावांचा चेहरा एकदम कडक झाला. वरच्या साहेबाने आगारात येऊन नोंदवही मागितली की होत असेल तसा.

"बघतो. पण एक तासाच्या वर एक मिनिट बघितलेलं नाही. शनिवार-रविवारी तुम्ही घरी असता, तेव्हा लावतही नाही. तो बंद झाला की मी हात लावत नाही."

"तसं नाही अण्णा..."

"वेळ ठरवून दिली की त्याच्यावर वाद नसतो. मी वाद केला का कधी? बातम्या बंद झाल्या, नंबर मागायला लागला. म्हटलं, ठीक आहे. पोरांचं लागतं तर पोरांचं बघू. वाईट नसतं ते. हत्तीची माणसांपेक्षा बरी रीत असते."

मेधाला अजून उलगडा होत नव्हता. "कुणी ठरवून दिली वेळ?"

आता गोंधळायची पाळी अण्णांची. "तूच की. जेवताना स्वानंदला म्हणालीस ना, दिवसभर घरात टीव्ही चालू असतो, आता वेळच बांधून टाकते. दिवसभर घरात दुसरं कोण असतं? मी समजलो. चार दिवस हातच लावला नाही. मग लावला, तर बरोबर एका तासाने पाटी आली."

मेधा तसं म्हणाली होती. स्वरदाबद्दलच म्हणाली होती, असं तिला शपथेवर सांगता आलं असतं का? दुपारभर मोठ्याने चालणाऱ्या बातम्यांचा आवाज ऑफिसातून घरी फोन केला की तिला ऐकू यायचा आणि तेव्हा ती कपाळाला आठ्या घालायची, हेही खरंच होतं. पिन तयार केला त्या दिवशी, दुपारी अण्णा टीव्ही कसा लावतील हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. रात्री आठला स्वानंद पिन घालून बातम्या लावायचा, अण्णा शेजारी बसून बघायचे, तेवढ्यावर सगळं आलबेल वाटत होतं.

"अण्णा, ते तुमच्यासाठी नव्हतं. स्वरदासाठी होतं."

"तिला पण लावलंय ना? पाच ते सहा. माहीत आहे मला. माझी बाराची, तिची पाचची. गाडी एकच असते, ड्यूट्या दोन असतात. माझी ड्यूटी संपली म्हणून तिची संपत नाही."

"संपते, अण्णा." हे सांगताना मेधाला स्वतःचाच राग आला. "टीव्हीला माणूस कळत नाही. त्या नावावर कुणीही बघितलं तरी तास एकच. तुम्ही बघितलात की तिचा जातो."

विठ्ठलरावांनी मनातल्या मनात दिवस मोजले. बाहेर सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं.

"म्हणजे गेले पंधरा दिवस पोरीचा तास मी बघितला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुम्हालाही नव्हतं." ते म्हणाले. "परवा आणि काल ती रडवेली होती. मला वाटलं गणिताचं काही असेल. आईलेकींच्या मध्ये मी पडत नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "तिला बोललीस का तू यावरून?"

"बोलले."

"तिने काय सांगितलं?"

मेधाने तिथेच त्यांना तो चार आकडी पिन सांगितला आणि फोनवर लिहूनही दिला, बातम्या कशा लावायच्या तेही समजावलं. अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं. "तू आधी तिच्याशी बोल," एवढंच ते म्हणाले.

बस संध्याकाळी सव्वासातला चौकात यायची होती. मेधा सातलाच जाऊन उभी राहिली. हिरडीतलं बधिरपण उतरून ठणका सुरू झाला होता. चांदणी चौकाकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, धूळ उडत होती, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत होती. टीव्हीचं कोडं सुटलं होतं. बारा ते एक अण्णा, पाचला पाटी, सगळं जागच्या जागी. ज्या दिवशी अण्णांना टीव्हीपुढून थोडं लवकर उठावं लागलं त्या दिवशी स्वरदाला दहा मिनिटं मिळाली, तेही बसलं. न बसणारी गोष्ट एकच होती. काल पोरीने न केलेलं कबूल केलं होतं. उंटाचं बघितलं म्हणाली होती, न बघितलेल्या उंटाचं.

बस आली. स्वरदा उतरली ती टोपी मागे ढकललेली, गुडघ्यांना माती, हातात हुरड्याचं कणीस. आईला पाहून ती क्षणभर थांबली, आणि ते थांबणं मेधाला दिसलं. आधी ती धावत यायची.

"मजा आली?"

"हो. बैलाने शेपूट मारलं मला."

दोघी घराच्या दिशेने चालू लागल्या. मेधाने तिचा हात धरला. एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "स्वरदा, तुझा टीव्हीचा तास अण्णा बघायचे. त्यांना माहीत नव्हतं तो तुझा आहे. तू खरं सांगत होतीस. मी चुकले. फार चुकले मी."

स्वरदाने वर पाहिलं. "मग अण्णांना ओरडलीस?"

"नाही."

"ओरडू नको." ती कणसाचे दाणे दातांनी काढू लागली.

मेधाला वाटलं होतं, ती रडेल, रागावेल, निदान 'मी म्हटलं होतं ना' म्हणेल. यातलं काहीच झालं नाही. तेव्हा तिने दुपारपासून मनात घोळणारा प्रश्न विचारला.

"मग काल तू 'बघितलं' का म्हणालीस, बाळा? बघितलं नव्हतंस तर?"

स्वरदा आईकडे बघून थोडी गोंधळली. इतकी सोपी गोष्ट मोठ्या माणसांना का विचारावी लागते, ते तिला कळत नव्हतं.

"तू म्हणालीस ना, खरं सांगितलं तर सहलीला पाठवीन," ती म्हणाली. "मी आधी खरं सांगून बघितलं. तू पाठवत नव्हतीस."